एक्सपायरीचा माल परत करताना

कोपरखैरणेत औषधांचं दुकान टाकलंत, तर पहिल्या महिन्यापासून एक सवय लावा. तीन महिन्यांत एक्सपायर होणारा माल दर महिन्याला वेगळा काढा. एक्सपायर झालेला खोक्यात बंद करून वर ‘विक्रीसाठी नाही’ लिहा.

स्ट्रिप कापताना बॅच आणि एक्सपायरी छापलेली बाजू शेवटपर्यंत ठेवा. ती गेली की डिस्ट्रिब्युटर स्ट्रिप घेत नाही. नवीन माणसाचं इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

माझंच बघा. खरेदीभावाने ४,००० रुपयांचा क्लेम पाठवला. ६०० रुपयांच्या कापलेल्या स्ट्रिप परत आल्या. उरलेल्या ३,४०० वर २० टक्के कापून २,७२० ची क्रेडिट नोट मिळाली. राहिले १,२८०.

हे १,२८० डिस्ट्रिब्युटरच्या खात्यात ‘येणे’ म्हणून ठेवू नका, ते येणार नाहीत. क्रेडिट नोट आली त्याच महिन्यात ‘एक्सपायरी नुकसान’ खात्यात टाका. परत आलेल्या ६०० च्या मालावर घेतलेलं जीएसटी क्रेडिटही उलटवावं लागतं, सीएला तेवढं सांगा.

आणि माल देताना बॅचनिहाय यादीवर सही-शिक्का घ्याच. माझा एक खोका सहीअभावी बुडाला.