इन्व्हर्टर फ्रीज की साधा, आवाज आणि बिलात खरंच फरक पडतो का?

रत्नागिरीत आहोत, घरात दोन्ही वापरलेत. साध्याचा कॉम्प्रेसर एकाच स्पीडने फिरतो, गारवा झाला की टक् करून बंद, थोड्या वेळाने परत चालू, आणि बंद होताना अख्खा फ्रीज हलतो, वरची बरणीसुद्धा खुळखुळते, रात्री शांततेत ते जास्तच जाणवतं.

इन्व्हर्टरवाला बहुतेक वेळ हळू फिरत राहतो, बारीक घूं ऐकू येतं एवढंच. बाजारातून आणलेले बांगडे फ्रीजरला टाकले की स्पीड वाढतो, तेव्हा आवाजही थोडा वाढतो. सतत चालू म्हणजे बिघडलाय असं आईला वाटायचं, तसं नाही, हळू फिरताना वीज कमी खातो.

बिलासाठी नुसतं इन्व्हर्टर नाव बघू नका, दारावरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट असतात ते बघा, साईझ मात्र सारखी घ्या. समजा साधा २५० आणि इन्व्हर्टर १७० युनिट, तर ८० युनिट वाचले, ८ रुपये दराने वर्षाला ६४० रुपये. किंमत ४००० जास्त असेल तर वसूल व्हायला सव्वासहा वर्षं लागतात. आणि हो, इन्व्हर्टरचं कंट्रोल बोर्ड महाग असतं, पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढाच.