१,०५० फुटांचा फ्लॅट मोठा की ७०० फुटांचा?

प्रश्न: नमस्कार सर. आम्ही दोघं नोकरी करतो, कोल्हापुरात शाहूपुरीत भाड्यानं राहतो. साठवलेले १५ लाख आहेत, बाकी कर्ज काढणार. दोन फ्लॅट बघितलेत, दोन्हींचं बांधकाम चालू आहे. कळंब्याकडचा 'प्रशस्त २ बीएचके, १,०५० चौ. फूट, दर फक्त ४,२००, वाढीव एफएसआय, रेरा अप्रूव्ड' असा आहे, सहाव्या मजल्यावर. पार्किंगचे दीड लाख आणि विकास शुल्क एक लाख वेगळं. कदमवाडीतला २ बीएचके, 'रेरा कार्पेट ७०० चौ. फूट, दर ६,२००', तिसरा मजला, पार्किंग एक लाख. मिस्टरांना पहिला मोठा आणि स्वस्त वाटतोय. तिथं पाच लाख टोकन मागतायत, करार दिवाळीनंतर करू म्हणतात. देऊ का? रेरा नंबर सोबत पाठवतेय.

उत्तर:

ताई, पाच लाख देऊ नका. या आठवड्यात तर नाहीच. कारण सांगायला थोडा वेळ लागेल, पण मिस्टरांना शेजारी बसवून वाचा.

'२ बीएचके' या शब्दावर फार थांबू नका. दोन बेडरूम, हॉल, किचन एवढंच तो सांगतो. खोली दहा बाय दहाची की बारा बाय चौदाची, यावर तो गप्प असतो. साडेपाचशे फुटांतही २ बीएचके बसवतात आणि नऊशेतही. त्यामुळे खरा प्रश्न फुटांचाच.

इथंच तुमच्या दोन जाहिराती दोन वेगळ्या भाषा बोलतायत. कदमवाडीवाल्यानं रेरा कार्पेट लिहिलंय. रेरा म्हणजे घरबांधणी प्रकल्पांचा कायदा, त्यात त्याची व्याख्या ठरलेली आहे: घराच्या आतली वापरता येणारी फरशी आणि आतल्या खोल्यांमधल्या भिंती. बाहेरच्या भिंती, पाइप जाणारे डक्ट, तुमची बाल्कनी आणि तुमची उघडी गच्ची त्यात धरत नाहीत. कळंब्याच्या जाहिरातीत १,०५० पुढं कार्पेट हा शब्दच नाही. हा 'सेलेबल' आकडा आहे. त्यात बाल्कनी आली, बाहेरच्या भिंती आल्या आणि जिना, लिफ्ट, लॉबी यांतला तुमच्या नावावर टाकलेला वाटाही आला. हा वाटा किती टाकायचा ते बिल्डर ठरवतो, म्हणून या आकड्याला बाजारात ठरावीक माप नाही.

तुम्ही दिलेल्या नंबरवरून मी महारेरा, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या maharera.maharashtra.gov.in या साइटवर दोन्ही प्रकल्प उघडले. तिथं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, १०.७६४ नं गुणलं की फूट मिळतात. कळंब्याच्या त्या प्रकारच्या फ्लॅटचं कार्पेट ६२.१० चौ. मीटर दिलंय, म्हणजे ६६८ फूट. बाल्कनी वेगळी, साधारण ७० फूट. माहितीपत्रकातल्या खोल्यांवरून ताळा करून बघितला: हॉल १७ बाय ११, किचन ९ बाय ९, बेडरूम १२ बाय ११ आणि ११ बाय १०, दोन टॉयलेट ७ बाय साडेचार, पॅसेज १२ बाय ४. बेरीज ६२१ फूट. आतल्या भिंती धरल्या की ६६८ जुळतं. म्हणजे १,०५० मधले ३८२ फूट तुमच्या दाराच्या आतल्या फरशीचे नाहीतच. कदमवाडीचं कार्पेट ६५.०३ मीटर, म्हणजे ७०० फूट, जाहिरातीत आहे तेवढंच. मोठा फ्लॅट कदमवाडीचा आहे.

२००६ साली मी स्वतः ८५० फुटांचा म्हणून फ्लॅट घेतला होता. ताबा मिळाल्यावर बायकोनं पडद्यांसाठी टेप काढली आणि एकेक खोली मोजली. आतून ५९० भरला. करारात ८५० पुढं 'सेलेबल' लिहिलेलं होतं आणि सही माझी होती. तेव्हापासून कोणाच्याही आकड्यापुढं कोणता शब्द आहे ते आधी बघतो.

आता दर. कळंब्याचे १,०५० गुणिले ४,२०० म्हणजे ४४ लाख १० हजार. त्यात पार्किंग आणि विकास शुल्काचे अडीच लाख मिळवले की ४६ लाख ६० हजार. ६६८ नं भागा: फुटाला सुमारे ६,९७६. कदमवाडीचे ४३ लाख ४० हजार, अधिक पार्किंग, म्हणजे ४४ लाख ४० हजार. ७०० नं भागल्यावर ६,३४३. 'फक्त ४,२००' चा दर दुसऱ्यापेक्षा सहाशेनं महाग निघाला.

पण याहून मोठा फटका पुढं आहे. चालू बांधकामातल्या फ्लॅटवर जीएसटीचे दोन दर आहेत: परवडणाऱ्या घराला १ टक्का, बाकीच्यांना ५. परवडणारं ठरायला दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. कोल्हापूरसारख्या महानगर नसलेल्या शहरात कार्पेट ९० चौ. मीटरपर्यंत, आणि एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत. क्षेत्रफळात तुमचे दोन्ही बसतात. रकमेत मात्र पार्किंग, विकास शुल्क, पसंतीच्या मजल्याचा जादा आकार असं बिल्डर घेतो ते सगळं धरतात, वेगळ्या पावतीवर घेतलं तरी. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सरकारची, ती यात येत नाही.

म्हणजे कळंब्याचा फ्लॅट ४४ लाख १० हजारांवर रेषेच्या अलीकडे दिसतो आणि अडीच लाख मिळवले की पलीकडे जातो. जीएसटी ५ टक्के, २ लाख ३३ हजार. कदमवाडीचा अलीकडेच राहतो, १ टक्का, ४४,४००. जीएसटीसह एक ४८ लाख ९३ हजारांना, दुसरा ४४ लाख ८४ हजारांना. ३२ फूट कमी घेऊन तुम्ही चार लाखांवर जास्त मोजणार होता. कदमवाडीलाही वर फक्त ६० हजारांची जागा आहे हे लक्षात असू द्या. करार करताना 'क्लब हाऊस' किंवा 'सुविधा शुल्क' म्हणून लाखभर घातले तर तोही ५ टक्क्यांत जाईल.

हे तुमच्या १५ लाखांत कसं बसतं? ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. मुद्रांक आणि नोंदणी खिशातून. मुद्रांक शुल्क ६ टक्के आणि नोंदणी ३० हजार धरली, जीएसटीही खिशातून धरला, तर कळंब्याला तुमचे १४ लाख ७५ हजार जातात. हातात २५ हजार. कदमवाडीला सव्वाबारा लाखांच्या आसपास जातात आणि पावणेतीन लाख राहतात. ताबा मिळेपर्यंत शाहूपुरीचं भाडं आणि बँकेनं दिलेल्या हप्त्यांवरचं व्याज, दोन्ही एकदम भरायचंय. २५ हजारांवर ते निभणार नाही.

आता एफएसआय, कारण तुमच्या बाबतीत तो नुसता शोभेचा शब्द नाही. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण. दहा हजार फुटांच्या प्लॉटवर एफएसआय १.१ असेल तर ११ हजार फूट बांधकाम. रस्त्याच्या रुंदीनुसार सरकारला प्रीमियम भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन बिल्डर तो वाढवू शकतो. हा हक्क प्लॉटचा. 'वाढीव एफएसआय' नं तुमची खोली एक इंचानं वाढत नाही. त्याच जमिनीवर जास्त कुटुंबं येतात, लिफ्ट तीच, पाण्याची टाकी तीच.

महारेराच्या पानावर मंजूर बांधकाम आणि 'प्रस्तावित पण मंजूर नसलेलं' बांधकाम असे वेगळे आकडे असतात. कळंब्याच्या प्रकल्पात मंजूर नकाशा पाच मजल्यांचा आहे, वरचे दोन प्रस्तावित. तुमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. म्हणजे ज्या फ्लॅटचं टोकन तुम्ही देणार होता, तो आज मंजूर कागदावर नाही. मंजूर नकाशाशिवाय बँक कर्ज देणार नाही. करार दिवाळीनंतर का, हे मी तिथं न जाता सांगू शकत नाही, पण त्यांना हे विचाराच.

टोकनबद्दल कायदा स्पष्ट आहे. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ४६ लाख ६० हजारांचे १० टक्के ४ लाख ६६ हजार होतात, आणि मागणी पाच लाखांची आहे. आणि 'रेरा अप्रूव्ड' असं काही नसतं. महारेरा नोंदणी करतं, बांधकामाची हमी घेत नाही. नोंदणीचा खरा उपयोग असा की कार्पेट, मंजूर नकाशा, जमिनीचे कागद, चालू दावे आणि पूर्णत्वाची तारीख बिल्डरला उघड करावी लागते, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. तुम्ही ते पान उघडलंत तरच त्याचा फायदा.

कदमवाडीच्या पानावर एक गोष्ट खटकली. पूर्णत्वाची तारीख एकदा वर्षभर पुढं ढकललेली आहे. साइटवर जाऊन किती स्लॅब पडलेत ते बघा आणि बिल्डरनं दर तिमाहीला भरलेल्या माहितीशी जुळतंय का ते पाहा. जुळलं तर मी त्याच फ्लॅटकडे वळेन. त्यांच्याकडून कराराचा मसुदा आधी मागून घ्या. त्यात तीन ठिकाणं बघा: कार्पेट ६५.०३ चौ. मीटर आणि बाल्कनी वेगळी लिहिली आहे का, ताब्याची तारीख महारेरावरचीच आहे का, आणि सगळे आकार धरून रक्कम ४४ लाख ४० हजारच आहे का. नमुना करारात क्षेत्रफळात ३ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, ७०० वर २१ फूट. त्याहून कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करायचे असतात. ताब्याच्या दिवशी टेप घेऊन जा आणि आकडे ताबा पावतीवर सही करण्याआधी लिहून काढा.

मसुदा मिळाला की मला पाठवा. टोकनचा चेक त्यानंतर लिहू.