गच्चीवर १० × १२ फुटांची खोली : साहित्य आणि खर्चाचा हिशेब

प्रश्न : आमचे भुसावळला स्लॅबचे घर आहे. गच्चीवर १० × १२ फुटांची एक खोली वाढवायची आहे. विटा, सिमेंट, वाळू आणि लोखंड किती लागेल आणि एकूण खर्च किती येईल?

उत्तर :

जळगाव परिसरातील घरांची अंदाजपत्रके मी करतो, त्या अनुभवावरून हा हिशेब मांडत आहे. विटा मोजण्याआधी नवीन भिंती खालच्या बीमवर येतात की नुसत्या स्लॅबवर, हे पाहावे लागते. खाली दिलेल्या मापांच्या ९ इंची भिंतींचे वजन सुमारे साडेतेरा टन भरते, तर वरच्या नवीन स्लॅबचे जेमतेम सहा टन. म्हणजे खरा भार भिंतींचाच असतो. बीम नसलेल्या जागी भिंत चढवली, तर खालच्या खोलीच्या छताला तडा जाऊ शकतो. आपल्याकडील काळ्या मातीत पाया आधीच हलत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेतल्याशिवाय वीट चढवू नये. ते नवीन कॉलम जुन्या कॉलमांवरच घ्यायला सांगतील आणि वर सोडलेल्या सळया गंजून बारीक झाल्या आहेत का, हेही पाहतील.

आता मापे. खोली आतून १० × १२ फूट, भिंती ९ इंची, बाहेरून ११.५ × १३.५ फूट, एक दरवाजा आणि दोन खिडक्या. भिंतींच्या मध्यरेषेची एकूण लांबी ४७ फूट येते. त्यातून चार कॉलमांची ४ फूट वजा केली, ९ फूट उंचीने गुणले आणि दरवाजा-खिडक्यांचे ५३ चौरस फूट काढले, की ३३४ चौरस फूट भिंत उरते. ९ × ४ × ३ इंची विटेने प्रति चौरस फूट साडेनऊ विटा लागतात. फूटतुटीसह ३,३०० विटा धराव्यात.

काँक्रीटमध्ये १३ × १५ फुटांचा ५ इंची स्लॅब, चार कॉलम, बीम आणि लिंटेल मिळून सुमारे १५० घनफूट भरते. १ : १.५ : ३ या प्रमाणाने त्याला ३४ गोण्या सिमेंट, ६३ घनफूट वाळू आणि १२६ घनफूट खडी लागते. विटकामाला ९ गोण्या, आतल्या-बाहेरच्या प्लास्टरला ११ आणि फरशी व वॉटरप्रूफिंगला ६ अशी बेरीज ६० होते. नासाडी धरून ६३ गोण्या घ्याव्यात. वाळू सगळ्या कामांची मिळून २.४ ब्रास आणि खडी १.३ ब्रास.

लोखंडाचा अंदाज नुसत्या टक्केवारीने न करता सळया मोजून करावा. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग १६२ ने भागला की एका मीटरचे वजन किलोत मिळते; १० मिमीच्या सळईचे ते ०.६१७ येते. स्लॅबमध्ये आखूड बाजूने १० मिमी आणि लांब बाजूने ८ मिमी, ६-६ इंचांवर, आधाराजवळच्या वरच्या सळयांसह सुमारे १५० किलो लागतात. कॉलमांना २ फुटांच्या जोडासकट ११०, बीमला सुमारे १०० आणि लिंटेलला २० किलो धरले, तर कापणीसह ४०० किलो पुरतात. मात्र अंतिम सळया इंजिनिअरच्या नकाशाप्रमाणेच घालाव्यात.

दर गावोगावी आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून पुढचे आकडे मी धरलेले आहेत, त्यांच्या जागी तुम्ही स्वतः विचारलेले दर घाला. गोणी ३७०, लोखंड ६२ रुपये किलो, वीट ८, वाळू ६,००० आणि खडी ३,५०० रुपये ब्रास धरले, तर साहित्याचे सुमारे ९३,५०० रुपये होतात. सेंट्रिंगसह मजुरी बाहेरच्या १५५ चौरस फुटांवर ३५० रुपयांनी ५४,००० च्या आसपास येते. दारे-खिडक्या, फरशी, वायरिंग, रंग आणि वॉटरप्रूफिंगचे ७०,००० धरून बेरीज सुमारे २,१८,००० होते. त्यावर दहा टक्के राखून २,४०,००० रुपयांची तयारी ठेवावी. कठडा यात धरलेला नाही.

४ इंची भिंती घेतल्यास विटा १,६०० वर येतात, १७,००० रुपयांच्या आसपास वाचतात आणि भार सात टनांनी घटतो. तरीही पश्चिमेची भिंत ९ इंचीच ठेवावी असे माझे मत आहे, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो आणि गच्चीवरची पातळ भिंत दुपारनंतर भट्टीसारखी तापते. त्याच उन्हामुळे स्लॅब सकाळी लवकर भरावा आणि ताबडतोब ओली पोती अंथरून पुढे किमान दहा दिवस पाणी साचवून ठेवावे. पृष्ठभागावर बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या, तर पाणी उशिरा मारले गेले असे समजावे.

हिशेब सर्वांत जास्त चुकतो तो वाळूत. बारीक वाळू ओलसर असताना पाव हिश्श्यापर्यंत फुगते, त्यामुळे ट्रॉली भरलेली दिसली तरी माल कमी असतो. ट्रॉलीच्या आतली लांबी, रुंदी आणि वाळूची सरासरी उंची फुटांत टेपने मोजून गुणाकार करा. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. वाळू हाताला ओलसर लागली, तर त्या मापातून फुगीर भाग वजा करण्याचे पुरवठादाराशी आधीच ठरवून घ्या.