एसओएच ९१ टक्के म्हणजे नक्की काय?

"घोडबंदर रोडला राहतो. तीन वर्षं वापरलेली, ३० युनिटच्या एलएफपी बॅटरीची इलेक्ट्रिक गाडी बघितली. डीलरने स्कॅनर लावून एसओएच ९१ दाखवला. विश्वास ठेवू का? आणि पुढे बॅटरीची क्षमता कशाने लवकर उतरते?"

विश्वास ठेवा, पण थोडा हात राखून. एसओएच म्हणजे नव्या बॅटरीच्या तुलनेत आज किती चार्ज मावतो, आणि ते थेट मोजणारा सेन्सर गाडीत नसतो. बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, आत-बाहेर जाणाऱ्या करंटचा हिशेब ठेवते आणि गाडी उभी असताना सेलच्या व्होल्टेजवरून तो ताळून बघते. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची गोम इथेच आहे. मधल्या मोठ्या टप्प्यात तिचं व्होल्टेज जवळपास सपाट असतं, म्हणून ५० टक्के आणि ६० टक्के यांतला फरक त्यावरून धड कळत नाही. आधीच्या मालकाने कधी पूर्ण चार्ज केलीच नसेल, तर हिशेबातली चूक साचत जाते.

डीलर तयार असेल तर स्वतः बघा. गाडी आधी १०० टक्के चार्ज करून घ्या, म्हणजे हिशेब जुळतो. मग २० टक्क्यांपर्यंत चालवा, थोडी थंड होऊ द्या आणि वेगळं मीटर असलेल्या एसी चार्जरवर आपोआप बंद होईपर्यंत लावा. समजा मीटरवर २४.५ युनिट पडले. साधारण १० टक्के वाटेत वाया जातात असं धरलं, तर बॅटरीत सुमारे २२ गेले. नव्या बॅटरीत या ८० टक्क्यांना २४ लागले असते. म्हणजे ९२ टक्के. मात्र वाटेतली घट १५ टक्के धरली तर हेच उत्तर ८७ येतं. तेव्हा ९१ की ८९, हे या पद्धतीने कळणार नाही; ९१ सांगून ७८ ची गाडी गळ्यात मारत असतील तर नक्की कळेल. ५० ते ७० एवढंच चार्ज करून गणित मांडू नका. टक्क्यांत तीनची चूक असली, तर २० च्या टप्प्यात ती १५ टक्क्यांची होते.

आता सवयी. आपल्याकडे खरा शत्रू म्हणजे उष्णता आणि भरलेली बॅटरी एकत्र. त्या स्थितीत सेलमध्ये ॲनोडवरचा थर जाड होत जातो आणि कामाचं लिथियम त्यात अडकून पडतं. गाडी न चालवताही. मे महिन्यात १०० टक्के करून उघड्या पोडियमवर आठवडाभर ठेवून गावी जाणं, हे अधूनमधून केलेल्या फास्ट चार्जिंगपेक्षा मला जास्त खटकतं. जाताना ५० च्या आसपास ठेवा. पण एलएफपीला हिशेब जुळवायला अधूनमधून १०० लागतातच (किती दिवसांनी, ते मॅन्युअलमध्ये बघा). त्यासाठी टायमर असा लावा की चार्जिंग सकाळी निघायच्या सुमारास संपेल. आणि भर दुपारी हायवेवरून तापून आलेली गाडी घरी पोचताच चार्जिंगला न लावता रात्री लावा.