सोसायटीच्या वेबसाइटचा वार्षिक खर्च सभेत मंजूर करून घेण्यासाठी काय बोलावं?

प्रश्न: मी सोसायटीचा नवा सेक्रेटरी आहे. येत्या वार्षिक सभेत वेबसाइटच्या वर्षाच्या खर्चाला मंजुरी घ्यायची आहे. दोन-तीन मिनिटांत काय बोलू, म्हणजे लोक हो म्हणतील?

उत्तर:

"डिजिटल" हा शब्द उच्चारू नका. मी पहिल्या वर्षी उच्चारला. बारा मिनिटं बोललो, प्रोजेक्टर लावला आणि आपटलो. मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, "ग्रुप आहे ना, फुकट!" सगळे हसले, विषय संपला.

खरं दुखणं त्याच्याही आधीचं. आमची ८४ फ्लॅटची सोसायटी. तेव्हाच्या खजिनदारांच्या भाच्याने वेबसाइट फुकट करून दिली होती. कमिटीने टाळ्या वाजवल्या, मिनिट्समध्ये आभार नोंदवले. डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, मात्र घेतलं भाच्याच्या खासगी ईमेलवर, पैसे गेले त्याच्या कार्डवरून. तो परदेशी गेला, कार्ड बदललं, आणि नूतनीकरणाच्या सूचना तो कधीच न उघडणाऱ्या इनबॉक्सात जात राहिल्या. एका सकाळी साइट बंद. सोसायटीचा ईमेल त्याच डोमेनवर होता, तोही बंद. मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात डोमेन परत मिळतं, मग जबर दंड भरून, आणि त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतं. आम्हाला कळलं तोवर आमच्या नावावर कसलीशी जाहिरात झळकत होती. खापर फुटलं ते माझ्यावर, कारण चार्ज घेतलेला मी!

म्हणून दुसऱ्या वर्षी लिफ्टच्या एएमसीसारखा विषय मांडला. साधारण असं बोललो:

"नमस्कार. विषय क्रमांक सहा. वेबसाइटला वर्षाला १५,१२० रुपये लागतील, करासकट. डोमेन १,३२०, होस्टिंग ४,८००, आणि मजकूर बदलणं, बॅकअप घेणं, बिघडलं तर दुरुस्त करणं याचे ९,०००. आपण ८४ जण, म्हणजे एका फ्लॅटला महिन्याला १५ रुपये. ग्रुप आहेच, राहू दे. पण तीन वर्षांपूर्वीच्या सभेचं इतिवृत्त ग्रुपवर शोधून दाखवा. फ्लॅट विकताना एनओसीचा अर्ज कुठे मिळतो, भाडेकरूसाठी कोणते कागद लागतात, हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. ते एका जागी राहील. डोमेन सोसायटीच्या नावाने आणि ऑफिसच्या ईमेलवर असेल, कुणा एकाच्या नाही. थकबाकीदारांची यादी किंवा कुणाचा फोन नंबर साइटवर जाणार नाही. खर्च १६,००० च्या वर गेला तर पुन्हा सभेपुढे येईन. ठराव मांडावा ही विनंती."

दोन मिनिटंही लागली नाहीत. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. हात वर करणाऱ्यांत ते काकाही होते, आता नाकारत असले तरी. थकबाकीच्या वाक्याने निम्मी सभा वळली असं माझं ठाम मत आहे. लोकांना १५ रुपयांचं काही वाटत नाही, आपलं नाव जगजाहीर होण्याची धास्ती असते.

भाषणाइतकंच महत्त्वाचं म्हणजे विषय सभेच्या नोटिशीत, विषयपत्रिकेवर आधीच छापून घ्या. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" यात खर्चाचा विषय घुसवाल, तर एक हुशार सभासद हरकत घेईल आणि ती रास्त असेल. तीन कोटेशन जोडा. पहिल्या वर्षाची डोमेनची किंमत स्वस्त दिसते, नूतनीकरणाची बघा. बजेटमध्ये तीच लिहायची, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्ही खोटे ठरता.

आणि कुणी "माझा मुलगा फुकट करून देईल" म्हणालं, तर नम्रपणे नको म्हणा. फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही. मी हे खजिनदारांना तेव्हाही सांगितलं होतं, पण "सगळ्यात पैसे कसले बघता" हे मलाच ऐकावं लागलं. नऊ हजार दिले की फोन तरी उचलतो.

आता राहिलेलं. माझे आकडे माझ्या सोसायटीचे, तुमचे कोटेशननुसार काढा. वीस फ्लॅट असतील तर वेबसाइट कशाला, ऑफिसच्या ईमेलखाली एक सामायिक फोल्डर पुरेल. साइटवर टाकली म्हणजे सभेची नोटीस दिली असंही समजू नका. सभासदांना आणि बोर्डावर ती उपविधीप्रमाणे द्यायचीच. आणि पासवर्ड कागदावर लिहून बंद लिफाफ्यात, शेअर सर्टिफिकेटच्या रजिस्टरबरोबर कपाटात ठेवा. कमिटी बदलली की चार्ज यादीत तो लिफाफाही लिहा. आमच्या यादीत आता तो अकराव्या क्रमांकावर आहे, पाण्याच्या पंपाच्या किल्ल्यांच्या खाली.