शिवणीकडचा रकाना वाचताना

सांगलीतल्या हळदीच्या अडतीच्या जुन्या खातेवहीचे फोटो काढलेत, पण शिवणीजवळचे आकडे नीट वाचता येत नाहीत म्हणता, तर आधी डावं पान बघा. रुपये-आणे-पै शिवणीला खेटून असतात, आणि तिथेच ओळी वाकतात. मग एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर वाचला जातो.

स्कॅन टेलर या पानांचे फोटो नीट करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये Dewarping, म्हणजे वाकलेलं पान सरळ करणं, हाताने करा. आपोआप होणारं काम छापील मजकुरावर बरं चालतं, मोडीच्या फराट्यांवर फसतं. वरची वक्ररेषा वहीच्या छापील आडव्या रेघेवर बसवा, खालची तळाच्या रेघेवर. शिवणीजवळ बिंदू दाट ठेवा.

ओळी सरळ झाल्या तरी रकाने दबलेलेच राहू शकतात. समजा, कागदावर आणे आणि पै दोन्ही रकाने 15 मिमी रुंद आहेत, पण चित्रात आण्याचा 150 पिक्सेल आणि पैचा 90 भरतो. मग तिथलीच Depth perception ची सरकपट्टी हलवून दोन्ही सारखे होईपर्यंत बघा.

शेवटी पानाची बेरीज मारा: 12 पै म्हणजे आणा, 16 आणे म्हणजे रुपया. अर्थात ओळींची अदलाबदल बेरजेत सापडत नाही. त्यासाठी नाव ते आकडा पट्टी लावून बघा. घडीत लपलेला आकडा मात्र कुठलंच सॉफ्टवेअर देणार नाही, समोरचं पान उचलून धरून पुन्हा फोटो घ्या.