पोपटी साडी वाईन झाली, गळा मात्र हिरवाच

प्रश्न: फोटोशॉपमध्ये पोपटी साडी वाईन कलरची केली. साडी मस्त झालीय, पण मॉडेलच्या गळ्यावर आणि केसांवर हिरवट झाक राहिली. ती कशी काढायची? असे चाळीस फोटो आहेत, एखादी अ‍ॅक्शन मिळेल का?

गालाचा रंग उचलून गळ्यावर फिरवा, असं तुम्हाला इथे अजून चारजण सांगतील. त्यांचं ऐकू नका. याच एका गोष्टीवरून माझं एका माणसाशी वर्षानुवर्षं वाजलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

मी सुरतेत साड्यांच्या कॅटलॉगचं काम करायचो. तिथला रिवाज ठाऊक असेलच: एका डिझाइनची एकच साडी मॉडेलला नेसवायची, शूट करायचं आणि बाकीचे रंग कॉम्प्युटरवर काढायचे. शूटला नेमकी पोपटी साडी यायची, कारण सँपल आधी त्याच रंगात तयार. पोपटीसारखा त्रासदायक रंग नाही. तो नुसता हिरवा नसतो, त्यात पिवळं भरपूर असतं आणि उजेडही तो खूप परत फेकतो. स्टुडिओत समोरून सॉफ्टबॉक्स मारला की छातीवरचा पदर खालून लावलेल्या दुसऱ्या दिव्यासारखा हनुवटीवर उजेड टाकतो.

आमचे सिनियर ऑपरेटर, वयाने आणि पगाराने मोठे, त्यांची पद्धत ठरलेली होती. नवा लेअर, मोड Color, गालावरून रंग उचलायचा, मऊ ब्रशने जबड्याखाली आणि गळ्यावर फिरवायचा. हिरवं गेलं, पुढचा फोटो. मी म्हणायचो, अहो काका, झाक गेली पण उजेड तसाच राहिला. ते म्हणायचे, गळ्याकडे कोण बघतं, गिऱ्हाईक साडी बघतं.

मग एका व्यापाऱ्याने वाईन रंगाचं प्रूफ हातात घेतलं. त्याला फोटोशॉपचं ओ की ठो कळत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "हिचं डोकं दुसऱ्या फोटोतलं आहे का?" डोकं त्याच फोटोतलं होतं. पण वाईन रंगाची गडद साडी खालून एवढा उजेड टाकूच शकत नाही, आणि फोटोत हनुवटीची खालची बाजू लख्ख उजळलेली होती. डोळ्याला कारण कळत नाही, खोट कळते. काकांनी दोष प्रिंटरवर ढकलला.

आता तुमचा फोटो. सगळ्यात वर एक Hue/Saturation अ‍ॅडजस्टमेंट लेअर टाका आणि Saturation +७० करा. चित्र भयानक दिसेल, दिसू दे. झाक कुठे कुठे आहे ते अशाने ओरडून सांगितल्यासारखं दिसतं. काम झालं की हा लेअर उडवायचा. पदर डाव्या खांद्यावर असतो, त्यामुळे झाक दोन्हीकडे सारखी नसते. मॉडेलचा डावा जबडा, डाव्या कानाची पाळी, मानेची डावी बाजू आणि कमरेवर हात ठेवला असेल तर तळव्याची कड, इथे ती जास्त सापडते. उजवीकडे ब्लाऊज जवळ असतो. तो वेगळ्या रंगाचा असून तुम्ही बदलला नसेल, तर तिकडे त्याची झाक आहे आणि ती बरोबर आहे. तिला हात लावू नका.

मग त्या तपासणीच्या लेअरचा डोळा बंद करा, नाहीतर आकडे चुकीचे येतील. Info पॅनल उघडा, आयड्रॉपर ५ बाय ५ अ‍ॅव्हरेजवर ठेवा आणि दोन ठिकाणी कलर सँपलर टोचा. एक जबड्याखाली, झाक आहे तिथे. दुसरा सावलीतल्याच, पण साडीपासून लांब असलेल्या कातडीवर, उदाहरणार्थ कानशिलाजवळ. गालाच्या उजळ भागाशी तुलना करायची नाही. सावलीची तुलना सावलीशीच, आणि काकांची पहिली चूक इथेच होती. समजा कानशिलावर १३०, ९६, ७८ आले आणि जबड्याखाली १३२, ११४, ७०. लाल जवळजवळ तेवढाच, हिरवा १८ ने जास्त, निळा ८ ने कमी. झाक म्हणतात ती एवढीच.

बरेच जण इथे Hue/Saturation मध्ये Greens निवडतात आणि काहीच हलत नाही म्हणून वैतागतात. हलणार कसं? कातडी मुळात नारिंगीकडे झुकलेली. तिच्यावर हिरवा उजेड पडला की बेरीज पिवळसर होते. वरच्या आकड्यांचा ह्यू काढला तर झाकेचा ४३ अंशांच्या आसपास येतो आणि स्वच्छ सावलीचा २१ च्या. फोटोशॉपचा Greens सुरू होतो ७५ च्या पुढे. म्हणजे निवडायचे ते Yellows. पण त्याचं शेपूट १५ अंशांपर्यंत मागे येतं आणि चांगली कातडीही थोडी ओढली जाते. म्हणून कातडीवर मी हे वापरतच नाही, मास्क लावून Curves वापरतो.

Curves लेअर घ्या, मास्क काळा करा, मऊ पांढरा ब्रश, फ्लो १० टक्के. जबड्याच्या कडेपासून खाली मान रंगवत जा. साडीकडे तोंड केलेला आणि साडीला जवळचा भाग जास्त, लांब जाल तसं झपाट्याने कमी. मास्क जमला की हिरव्या चॅनलमध्ये ११४ च्या जागी बिंदू धरून तो साधारण ९६ वर आणा आणि निळ्यात ७० ला ७८ वर न्या. रंग जुळला. लेअरचा मोड मात्र Normal च ठेवा. Color केलात तर पुढची पायरी चालणार नाही.

पुढची पायरी उजेडाची. पोपटी पदर गेला, म्हणजे त्याने फेकलेला उजेडही जायला हवा. त्याच Curves मध्ये RGB ची एकत्र रेषा थोडी खाली ओढा. आपल्या उदाहरणात जबड्याखाली १२२, ९०, ७३ च्या आसपास थांबलं तर ठीक. लेअरचा डोळा बंद-चालू करून बघा: चालू केल्यावर हनुवटी मानेपासून सुटी दिसली पाहिजे. मान काळवंडलेली वाटली तर थोडं मागे या.

आणि शेवटी नवी झाक. हे काका कधीच करायचे नाहीत. वाईन साडीच्या उजळ भागातला रंग उचला, Solid Color लेअर घाला, मोड Soft Light. मघाचाच मास्क Alt दाबून या लेअरवर ओढा, कारण पदर तिथेच आहे, फक्त त्याचा रंग बदलला. ऑपॅसिटी १० टक्क्यांपासून सुरू करा. वाईनसारखा गडद रंग फार काही फेकत नाही, त्यामुळे १० वरही जास्त वाटलं तर ५ करा. हिरव्याच्या मानाने लाल दोन-चार आकड्यांनी वर आला की पुरे. हीच साडी लिंबू रंगाची केली असती तर मघाची काळोख करायची पायरी जवळजवळ गाळावी लागली असती, आणि पांढरी केली असती तर उलट उजेड वाढवावा लागला असता.

केसांचं गणित वेगळं आहे. काळ्या केसांवर दिसते ती चमक. ती उजेडाचा रंग आहे तसा परत देते, कातडीसारखं त्यात आपलं काही मिसळत नाही. म्हणून केसांवरची झाक खरोखर हिरव्या बाजूला असते, आणि तिथे Greens व Yellows ची Saturation -७० पर्यंत ओढली तरी बिघडत नाही. मेंदी लावलेल्या किंवा तपकिरी केसांवर असं केलंत तर बाईला अकाली पांढरे केस येतील. तिथे Saturation ला हात न लावता Hue लालकडे सरकवा.

साडीवर पसरलेल्या सुट्या बटा मात्र झाकेत मोजू नका. त्या बारीक केसांच्या मधून जुनी साडीच दिसत असते, म्हणून कडा हिरव्या. लोक एकेक केस मास्कमधून वगळत बसतात. गरजच नाही. साडीचा रंग बदलणाऱ्या लेअरचा मास्क बटांवरून सरळ पुढे न्या. काळ्या केसात रंग जवळजवळ नसतोच, त्यामुळे Hue फिरवून केसाला काही होत नाही, मधली हिरवी कड तेवढी वाईन होते. यासाठी Colorize ची खूण काढलेली हवी, नाहीतर केसही वाईन. वाईनसाठी साडी गडद केली असेल तर तो गडदपणाचा लेअर वेगळा ठेवा आणि त्याचा मास्क बटांच्या अलीकडेच थांबवा.

दागिनेही बघा. सोन्याच्या वाट्या आणि मोती आरशासारखे असतात, त्यांच्यात पोपटी पट्टा तसाच राहतो. मोत्याच्या खालच्या अर्ध्या भागावर साडीचाच Hue/Saturation मास्कमधून लावला की काम होतं.

चाळीस फोटोंसाठी अ‍ॅक्शन? लेअर तयार करण्यापुरती बनवा: Curves, Solid Color, दोन्हीला काळे मास्क, वर तो +७० वाला तपासणीचा लेअर. मास्क हातानेच रंगवावा लागेल, कारण दर फोटोत मान वेगळी वळलेली असते. काका सगळ्या फोटोंना एकच अ‍ॅक्शन मारायचे, त्यावरूनही आमचं वाजायचं.

दोन गोष्टी राहिल्या. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले असतील तर आधी मूळ फाइल मागा. दाबलेल्या जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या मानाने निम्म्या बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे साडीचा हिरवा कडेबाहेर कातडीवर एक-दोन पिक्सेल पसरतो. ती झाक नव्हे, आणि वर सांगितलेल्या कशानेही ती नीट जात नाही. आणि मी दिलेले आकडे गव्हाळ कातडीचे, सॉफ्टबॉक्सच्या उजेडातले आहेत. सावळ्या कातडीवर किंवा उन्हात काढलेल्या फोटोत फरक वेगळा येईल, तेव्हा सँपलर स्वतः टोचून बघा. मॉनिटरचा नाईट मोड बंद आहे ना, तेही बघा. काकांचा कायम चालू असायचा.